गॅलरी रिकामी, तरी फोन भरलेला

पिंपळगाव बसवंतला आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन फुटलेले, चार्जिंगचा पिन सैल झालेले फोन तर रोजच येतात. पण गेल्या काही वर्षांत एक तक्रार फार वाढली आहे. माणूस फोन पुढे करतो आणि म्हणतो, "यात काहीच नाही, तरी जागा संपली म्हणतो." मग तो गॅलरी उघडून दाखवतो. पन्नास-साठ फोटो, दोन-चार व्हिडिओ, मोजकी अ‍ॅप. त्याचं बोलणं खोटं नसतं. त्याला जे दिसतं ते खरोखरच थोडं असतं.

माझे चुलते नाना असाच फोन घेऊन आले, त्याची हकिकत सांगतो. बहुतेकांच्या फोनमध्ये जे घडतं ते सगळं त्या एका फोनमध्ये सापडलं.

नानांची चार एकर द्राक्षबाग आहे आणि खरिपात ते सोयाबीन, मका करतात. त्यांना शेताची ई-पीक पाहणी नोंदवायची होती. त्यासाठी अ‍ॅप घ्यावं लागतं, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. अ‍ॅप उतरत नव्हतं आणि कॅमेराही फोटो साठवायला तयार नव्हता. नोंदीची मुदत जवळ आली होती. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते, म्हणून ते काळजीत होते.

त्यांनी घरी काही उपाय करून पाहिले होते. जुने व्हिडिओ पुसले होते. बाजारातून मेमरी कार्ड आणून घातलं होतं. जाहिरात पाहून एक 'क्लीनर' अ‍ॅपही घेतलं होतं. तरी सूचना जशीच्या तशी होती. "पुसलं तरी जागा होत नाही, म्हणजे फोनच बिघडला असणार," असं त्यांचं मत झालं होतं.

मी ग्राहकाला नेहमी सांगतो की पुसायच्या आधी मोजा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' नावाचं पान असतं आणि तिथे कशाने किती जागा घेतली ते वर्गवारीने दिलेलं असतं. नानांचा फोन 64 जीबीचा होता. पानावर सिस्टम 17 जीबी, अ‍ॅप 12, फोटो 3, व्हिडिओ 2, ऑडिओ 1, कचरापेटी 4 आणि 'डॉक्युमेंट्स अँड अदर' 24 जीबी असे आकडे होते. बेरीज 63 जीबी होत होती.

नाना फोटो आणि व्हिडिओ पाहत होते आणि ते दोन्ही मिळून फक्त 5 जीबी होते. जागा खाणारा आकडा 'अदर'मध्ये होता. हा शब्द वाचून लोकांना वाटतं की ही फोनची आतली काहीतरी गोष्ट असेल, आपण हात लावू नये. खरं तर फोनला ज्या फाईल फोटो, गाणी किंवा व्हिडिओ म्हणून मोजता येत नाहीत, त्या सगळ्या इथे येतात. आणि व्हिडिओसुद्धा 'व्हिडिओ' म्हणून मोजला जाऊ नये, अशी सोय फोनमध्ये असते.

ती सोय अशी. एखाद्या फोल्डरमध्ये `.nomedia` नावाची एक रिकामी फाईल ठेवली की अँड्रॉइड त्या फोल्डरमधलं काही गॅलरीत दाखवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' हा पर्याय बंद केला की त्यानंतर येणारे फोटो-व्हिडिओ अशाच झाकलेल्या जागी जातात. नानांच्या नातवाने तो वर्षभरापूर्वी बंद केला होता, कारण गॅलरीत सुप्रभातचे फोटो भरत होते आणि घरचे फोटो सापडत नव्हते. गॅलरी स्वच्छ झाली. पण फाईल येणं थांबलं नव्हतं, फक्त दिसणं थांबलं होतं.

याशिवाय आपण पाठवलेल्या वस्तूंचीही प्रत राहते. नाना दावणी किंवा भुरी दिसली की पानाचा फोटो काढून सल्लागाराला पाठवतात. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये राहतो आणि पाठवलेली, आकाराने लहान केलेली प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या `Sent` फोल्डरमध्ये राहते. गॅलरीत तो एकदाच दिसतो, कारण `Sent` फोल्डरही झाकलेलं असतं. फोनमधल्या 'फाईल्स' अ‍ॅपमधून हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. वाट अशी आहे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

इथे `WhatsApp Video`, `WhatsApp Images`, `WhatsApp Documents` अशी फोल्डर दिसतात. फाईल्स अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाईल दाखवण्याचा पर्याय चालू केला की आतलं सगळं उघड होतं. मी नानांना ते दाखवलं. गेल्या हंगामातले छाटणीचे, डिपिंगचे, बाजारभावाचे व्हिडिओ एकामागून एक यायला लागले. "हे मी एकदाही उघडलेले नाहीत," असं ते म्हणाले. न उघडताही ते उतरलेले होते.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण ती ग्राहकांना फार फसवते. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपची यादी उघडली तर नानांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपपुढे जेमतेम दीड जीबी लिहिलेलं होतं. यादी पाहणारा माणूस पुढे निघून जातो. पण त्या आकड्यात अ‍ॅप आणि त्याची आतली माहिती एवढंच धरलेलं होतं. वर सांगितलेल्या फोल्डरमधले व्हिडिओ त्यात नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपच्याच आत सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' असं गेल्यावर खरा आकडा दिसला. तो 21 जीबी होता.

आता क्रमाने काय केलं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण फोन पार भरलेला असताना तो नीट काम करत नाही. मोकळी जागा अर्ध्या जीबीच्या आसपास आली की अँड्रॉइड सूचना देऊ लागतो, अ‍ॅप मध्येच बंद पडतात आणि नवीन फाईल बनवता येत नाही. म्हणून आधी थोडी जागा झटपट मिळवायची आणि मग निवांत आवराआवर करायची.

झटपट जागा कचरापेटीत होती. नानांनी घरी पुसलेले व्हिडिओ तिथेच पडून होते. हल्ली गॅलरी आणि फाईल्स अ‍ॅपमधून पुसलेली वस्तू लगेच नाहीशी होत नाही, साधारण 30 दिवस कचरापेटीत राहते. चुकून पुसलं तर परत घेता यावं म्हणून ही सोय आहे. पण तोवर ती जागा अडवूनच ठेवते. नानांनी पुसलं ते खरं आणि जागा झाली नाही तेही खरं, याचं कारण हे. कचरापेटी एकदा नजरेखालून घातली, त्यात नातीच्या बारशाचा एक व्हिडिओ होता तो परत घेतला आणि बाकी रिकामी केली. चार जीबी तत्काळ मोकळे झाले. पाहणीचं अ‍ॅप तेव्हाच उतरवून घेतलं, म्हणजे मुदतीची चिंता मिटली.

यानंतर व्हॉट्सअ‍ॅप. हे काम फाईल्स अ‍ॅपमधून करता येतं, पण मी करत नाही. फोल्डरमध्ये फाईलचं नाव तारीख आणि आकड्यांचं असतं. ती कोणत्या गटातून आली, कुणी पाठवली हे कळत नाही. शिवाय तिथून पुसलं की ते पुन्हा कचरापेटीत जातं आणि इकडे चॅटमध्ये संदेश तसाच राहतो. उघडायला गेलं की फाईल सापडत नाही असं सांगतो आणि पाठवणाऱ्याला ती पुन्हा पाठवायला सांगण्याची वेळ येते. 'मॅनेज स्टोरेज'मधून पुसलं तर कोणत्या चॅटमधलं पुसतोय ते दिसतं आणि जागा तिथल्या तिथे मिळते. मात्र ते परत मिळत नाही, म्हणून पाहूनच पुसावं लागतं.

त्या पानावर वरच्या बाजूला 5 एमबीपेक्षा मोठ्या वस्तू आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वस्तू असे दोन गठ्ठे वेगळे करून ठेवलेले असतात. खाली चॅटची यादी आकाराप्रमाणे लागलेली असते. नानांच्या यादीत पहिला होता द्राक्ष बागायतदारांचा गट, 9 जीबी. मग भावकीचा गट, 5 जीबी. मग भजनी मंडळ, 3 जीबी. उरलेल्या साऱ्या चॅट मिळून 4.

नऊ जीबी ऐकून नाना चकित झाले. पण हिशेब सरळ आहे. काही मिनिटांचा व्हिडिओ 20 एमबीचा सहज असतो. गटात रोज असे दोनच आले, तरी वर्षाला चौदा जीबी होतात. त्या गटात हंगामात दोनावर थांबत नाहीत.

आधी 'अनेकदा फॉरवर्ड' हा गठ्ठा घेतला. त्यात जपून ठेवावं असं क्वचितच काही असतं. तोच व्हिडिओ तीन गटांतून आलेला असेल तर पुसताना सगळ्या प्रती काढायच्या का, असं अ‍ॅप विचारतं. तिथे हो म्हणायचं. मग द्राक्षांच्या गटात शिरून आकाराप्रमाणे लावलं आणि वरून खाली आलो. नाना शेजारी बसून सांगत होते. गोडी छाटणीनंतरच्या फवारणीचं वेळापत्रक ठेवायचं होतं. एका शेतकऱ्याने काड्यांची विरळणी कशी केली तो व्हिडिओ ठेवायचा होता. बाजारभावाचे, मागच्या पावसाच्या अंदाजाचे सगळे काढायचे होते. ठेवायच्या संदेशांना स्टार लावला. नऊचा एक जीबी झाला.

एक सावधगिरी इथे आम्ही न चुकता पाळतो. व्हिडिओ जागा खातात, पण कामाची वस्तू बहुधा पीडीएफ असते आणि ती आकाराने लहान असते. सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल, द्राक्षांच्या उर्वरित अंशाच्या तपासणीचा अहवाल, औषधांची बिलं हे सगळं नानांना व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं. एकत्र निवडून पुसण्याच्या भरात ते जाऊ शकतं आणि ते गेल्याने जागा तर जवळजवळ काहीच वाढत नाही. म्हणून पीडीएफना हात लावला नाही. भावकीच्या गटातून लग्नाचे फोटो नव्या मेमरी कार्डात नेऊन ठेवले आणि मग तो गट हलका केला. भजनी मंडळातली गाणी नाना तिथून ऐकत नाहीत, ती सगळी काढली. 21 जीबीचे 6 उरले.

मेमरी कार्डाचा उलगडा इथेच झाला. कार्ड घातल्याने फोनची आतली जागा वाढत नाही. ती एक वेगळी जागा असते आणि कोणती वस्तू तिथे ठेवायची हे बहुतेक वेळा आपल्यालाच सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फाईल आतल्या जागेतच ठेवतं, कार्डावर हलवता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मात्र नानांच्या फोनला कार्ड निवडता येत होतं, ते निवडून दिलं. त्यामुळे कार्डाचे पैसे वाया गेले नाहीत.

मग 12 जीबीची अ‍ॅप पाहिली. यादी आकाराप्रमाणे लावली तर वरती व्हिडिओ पाहण्याचं एक अ‍ॅप होतं. नाना रात्री कीर्तनं ऐकतात. शेतात रेंज नसते म्हणून त्यांनी काही कीर्तनं अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवली होती. अशा वस्तू गॅलरीत कधीच दिसत नाहीत, त्या अ‍ॅपच्या पोटात मोजल्या जातात. ऐकून झालेली काढली आणि 2 जीबी सुटले. बाकी अ‍ॅपची कॅशे पुसून आणखी एक जीबी मिळाला. कॅशे म्हणजे अ‍ॅपने पुन्हा लवकर उघडता यावं म्हणून जवळ ठेवलेला तात्पुरता माल. तो पुसला तर काही बिघडत नाही, पण वापरलं की पुन्हा साठतो. त्यामुळे अडीअडचणीला तो उपाय ठीक आहे, कायमचा नाही.

त्याच पानावर 'क्लिअर कॅशे'च्या शेजारी 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' असं दुसरं बटण असतं. दोन्ही सारखीच वाटतात आणि नेमका इथे घोटाळा होतो. दुसऱ्या बटणाने अ‍ॅप नुकतंच घेतल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दाबलं की पुन्हा नंबर टाकून सुरुवात करावी लागते आणि बॅकअप नसेल तर जुने संदेश मिळत नाहीत. एका गृहस्थांनी घरी हे करून फोन आमच्याकडे आणला होता. ज्यांच्याशी त्यांचा व्यवहार चालू होता, त्यांचे दराबद्दलचे सगळे संदेश गेले होते. आम्हाला काही करता आलं नाही. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत ते बटण दाबू नका, असं मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगतो.

क्लीनर अ‍ॅप काढून टाकलं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी फोल्डरमध्ये शिरता येत नाही. त्यामुळे बाहेरून आणलेलं क्लीनर फार काही साफ करू शकत नाही. ते स्वतः जागा घेतं, जाहिराती दाखवतं, आणि कोणती फाईल नकोशी हे ठरवण्याचा अधिकार आपण अनोळखी माणसाच्या हाती देतो तो वेगळाच.

काही आकडे कमी होणार नाहीत, हेही सांगायला हवं. सिस्टमचे 17 जीबी फोन चालवण्यासाठीच आहेत. फोन पूर्ण रिसेट केला तरी ते राहतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या `Databases` फोल्डरमध्ये संदेशांच्या बॅकअपचे जवळजवळ 2 जीबी होते. अ‍ॅप रोज पहाटे संदेशांची प्रत काढतं आणि मागच्या सुमारे आठवड्याच्या प्रती जपतं. जुन्या तारखांच्या प्रती पुसता येतात, पण आठवड्यात तेवढ्याच पुन्हा तयार होतात. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या तशाच ठेवल्या.

नानांच्या फोनवर आणखी एक सूचना येत होती, गूगल खात्याची जागा भरत आल्याची. तिचा फोनच्या जागेशी संबंध नव्हता. गूगल खात्याला फुकट 15 जीबी मिळतात आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि बॅकअप घेतलेले फोटो हे सगळं धरलं जातं. फोन रिकामा करून ती सूचना जात नाही आणि खात्यात जागा विकत घेऊन फोन रिकामा होत नाही. उलट, गूगल फोटोज्‌मध्ये बॅकअप चालू असताना फोटो पुसला तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्या अ‍ॅपमधला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरायचा. तो बॅकअप झालेले फोटोच फोनवरून काढतो आणि खात्यातले राहू देतो.

काम संपल्यावर स्टोरेजचं पान पुन्हा उघडलं. कचरापेटीतून 4, व्हॉट्सअ‍ॅपमधून 15 आणि अ‍ॅपमधून 3, असे 22 जीबी सुटले होते. 63 चे 41 झाले होते. नानांचं म्हणून जे होतं, ते त्यांचे फोटो, कागदपत्रं आणि हवे ते व्हिडिओ, त्यातलं काही गेलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या हंगामात फोन पुन्हा भरला असता. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मधला 'मीडिया ऑटो-डाउनलोड' उघडला. तिथे मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी असतात. तिन्हींमध्ये फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि डॉक्युमेंट यांच्या खुणा काढल्या. लोक मोबाईल डेटाची खूण काढतात आणि वायफायची विसरतात. मग घरी मुलाने वायफाय बसवलं की सगळं पुन्हा उतरायला लागतं. आता व्हिडिओ गटात येतो, धूसर चित्र आणि त्यावर त्याचा आकार दिसतो. नानांना हवा असेल तर ते दाबतात, मगच तो फोनमध्ये येतो. व्हॉइस मेसेज मात्र या सेटिंगनंतरही आपोआप उतरतात, पण ते आकाराने फार लहान असतात.

दिवाळीनंतर नाना दुकानात आले तेव्हा आम्ही तेच पान पुन्हा पाहिलं. छाटणीचा हंगाम जोरात होता, गटात व्हिडिओंचा पाऊस होता आणि तरी व्हॉट्सअ‍ॅपचा आकडा 6 वरून 7 च्या आसपासच गेला होता. हे खुणा काढल्यामुळे झालं. पुसण्याने एकदा जागा मिळते. न मागता येणारं थांबवलं की ती टिकते. नाना आता महिन्यातून एकदा 'मॅनेज स्टोरेज' स्वतः उघडतात, वरच्या तीन चॅट पाहतात आणि काय ठेवायचं ते स्वतः ठरवतात.